हेड ऑफिसचा साप्ताहिक मेल: प्रायमरीआधी स्टॉक बघा

प्रश्न: "मराठवाडा रिजन माझ्याकडे आहे. दर सोमवारी हेड ऑफिसला आकडे, अडचणी, मागण्या सगळं लिहून पाठवतो. उत्तर येत नाही, मदतही मिळत नाही. मेल कसा लिहू?"

तुमच्या मेलमध्ये बहुधा प्रायमरीच वर असणार, म्हणजे कंपनीने डिस्ट्रिब्युटरला केलेलं बिलिंग. ते हेड ऑफिसला सिस्टिममध्ये दिसतंच. डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात किती माल गेला, म्हणजे सेकंडरी, आणि गोडाऊनमध्ये किती उरला, हे तुम्ही सांगायचं.

समजा, टार्गेट १ कोटी २० लाख आणि २२ तारखेपर्यंत प्रायमरी ९० लाख. म्हणजे ७५ टक्के, वरवर छान. पण सेकंडरी ६६ लाखच आहे, रोजची ३ लाख. महिन्याच्या सुरुवातीला डिस्ट्रिब्युटरांकडे ६० लाखांचा माल होता, तो आता ८४ लाख झाला. २० दिवसांचा स्टॉक २८ दिवसांवर गेला. (प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही डिस्ट्रिब्युटरच्या खरेदी दराने धरा, नाहीतर त्याचं मार्जिन मिसळून हिशेब चुकतो.) उरलेले ३० लाख आता माल ढकलूनच येतील आणि पुढच्या महिन्याची ऑर्डर तेवढी आटेल. हे २२ तारखेलाच लिहा. मी एकदा लिहिलं नाही, महिनाअखेरीस माल भरला आणि पुढचे दोन महिने एक्सपायरीचे रिटर्न घेत बसलो.

"मार्केट स्लो आहे" ही जोखीम नव्हे. कुठे, किती रुपये अडकलेत आणि कशावरून कळलं, ते लिहा. मागणी त्या जोखमीच्या लगेच खाली ठेवा. तळाशी "सपोर्ट हवा" असं लिहिलं की ते कुणाचंच काम राहत नाही.

असं लिहून बघा:

"नांदेड: डिस्ट्रिब्युटरचे स्कीम क्लेम ३ लाख ४० हजार, दोन महिने थकीत. दोन आठवडे ऑर्डर नाही, पेमेंटही थांबवलं आहे. स्टॉक ९ दिवसांचा. फायनान्सने शुक्रवारपर्यंत क्रेडिट नोट द्यावी. न दिल्यास या महिन्याचं ८ लाखांचं बिलिंग जाईल. क्लेमचे कागद सोबत जोडले आहेत."

यात रक्कम, खातं, तारीख आणि नुकसान चारही आहे. मात्र कागद खरंच पूर्ण हवेत. क्लेम बहुतेकदा आपल्याच सेल्स ऑफिसरच्या सहीवाचून किंवा दुकानांच्या बिलांवाचून अडलेले असतात. ते आधी तपासा, नाहीतर फायनान्स एका ओळीत मेल परत करेल.

एका मेलमध्ये दोनच मागण्या ठेवा आणि ज्याने निर्णय घ्यायचा, त्यालाच 'टू'मध्ये घ्या. पुढच्या सोमवारी तीच ओळ "मागितली १२ तारखेला, अजून बाकी" अशी सर्वात वर टाका.