भिंतीवरचे प्रमाणपत्र आणि शेड्यूल वनचा उतारा

प्रश्न: नागपुरातली एक संस्था ‘आम्ही नोंदणीकृत आहोत’ म्हणून देणगी मागते आहे. नोंदणी खरी आहे का, हे कुठे तपासायचे? ट्रस्ट आणि कंपनी यांत फरक पडतो का? नोंदणी असली म्हणजे त्यांना काय काय करता येते?

उत्तर:

बत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे मला कागद उलटून पाहायची सवय आहे, आणि या सवयीवरून आमच्या घरात एक वाद झालेला आहे, तो अजून मिटलेला नाही. त्यामुळे हे उत्तर थोडे लांबेल.

मामंजी गेल्यावर त्यांच्या नावाने काहीतरी उभे राहावे असे तिघा भावांनी ठरवले. धाकट्या भाऊजींनी बेसा भागातल्या एका संस्थेचे नाव सुचवले. ही संस्था स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका चालवत होती आणि त्याच प्लॉटवर मागच्या बाजूला नवे दालन बांधून त्याला मामंजींचे नाव देणार होती. प्रत्येकी एक लाख, असे तीन लाख रुपये द्यायचे होते. आम्ही जागा पाहायला गेलो तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत दोन प्रमाणपत्रे टांगलेली होती. एक संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालचे होते आणि दुसरे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालचे, ज्यावर ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक होता. आपल्या राज्यात सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेला हे दोन्ही कागद लागतात आणि दोन्ही धर्मादाय कार्यालयातूनच मिळतात, म्हणून पहिलाच कागद दाखवून दुसऱ्याबद्दल गप्प बसणाऱ्या संस्थेला आधी एफ क्रमांक विचारावा. या संस्थेकडे दोन्ही होते आणि दोन्ही खरे होते. भाऊजी म्हणाले, “वहिनी, आता तरी समाधान झालं का? तुम्हाला सगळेच थकबाकीदार दिसतात.”

समाधान झालेले नव्हते, कारण प्रमाणपत्र हा संस्थेचा जन्मदाखला असतो. ती आज कोणाच्या हातात आहे आणि तिच्या मालकीचे काय आहे, हे त्यावर लिहिलेले नसते. ते ज्या कागदावर असते त्याला कायद्यात परिशिष्ट-१ म्हणतात आणि वकिलांपासून शिपायांपर्यंत सगळे शेड्यूल वन म्हणतात. विश्वस्तांची नावे, त्यांची निवड किंवा नेमणूक कशी व्हावयाची ती पद्धत, संस्थेची उद्दिष्टे, जंगम मालमत्ता आणि स्थावर मालमत्ता यांची नोंद त्यात असते, आणि यांपैकी काहीही बदलले की कलम २२ खाली नव्वद दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. charity.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो आणि सुरुवात तेथूनच करावी. पण तेथे नाव न सापडल्यास संस्था बोगस आहे असा निष्कर्ष काढू नये, कारण जुन्या नोंदींत नावाचे स्पेलिंग कसे चढले आहे यावर बरेच अवलंबून असते.

मी सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन साध्या कागदावर अर्ज लिहिला, त्याला कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि एफ क्रमांक घालून परिशिष्ट-१ ची प्रमाणित प्रत मागितली. बारा दिवसांनी प्रत हातात पडली. तिच्यात सात विश्वस्तांची नावे होती. त्यांपैकी दोघे वारलेले आहेत हे मला माहीत होते, कारण त्यातले एक आमच्याच शाखेचे खातेदार होते. काचेच्या चौकटीखाली बसणाऱ्या अध्यक्षांचे नाव सातांत कुठेच नव्हते. चौकशी केल्यावर कळले की त्यांच्या निवडीचा चेंज रिपोर्ट दाखल झालेला आहे आणि एका जुन्या सभासदाने हरकत घेतल्यामुळे तो प्रलंबित आहे.

तरीही मला या गोष्टीपेक्षा खालचा रकाना अधिक महत्त्वाचा वाटला. स्थावर मालमत्तेच्या रकान्यात ‘निरंक’ असा एकच शब्द होता. अभ्यासिका ज्या प्लॉटवर उभी होती आणि जेथे मामंजींच्या नावाचे दालन व्हायचे होते, तो प्लॉट संस्थेचा असल्याची नोंदच नव्हती. मी सचिवांकडे विक्रीपत्राची प्रत मागितली, तेव्हा त्यांनी ती संकोचाने दाखवली. खरेदीदार म्हणून अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी यांची वैयक्तिक नावे होती. “सरांनी जागा संस्थेलाच दिलेली आहे,” असे सचिव म्हणाले. दानपत्र मात्र नोंदवलेले नव्हते, भाडेकरार नव्हता, आणि धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी अर्थातच काही नव्हते.

याचा अर्थ काय, हे मी भाऊजींना त्या दिवशी समजावून सांगितले, आणि आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे उत्तरही बहुतांशी तेच आहे. सार्वजनिक न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची, गहाण टाकायची किंवा दान द्यायची असेल, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक आणि इतर जागा तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाड्याने द्यायची असेल तरी लागते. देणगीदाराला नोंदणीचा खरा उपयोग येथे होतो, कारण त्याच्या पैशातून उभी राहिलेली वास्तू विश्वस्तांना परस्पर विकता येत नाही. पण हे संरक्षण न्यासाच्या मालमत्तेला आहे. अध्यक्षांच्या खासगी प्लॉटवर आमच्या तीन लाखांतून चढलेल्या विटा अध्यक्षांच्याच प्लॉटवर राहणार होत्या, आणि उद्या त्यांनी तो प्लॉट विकला असता, तर मामंजींच्या नावाची संगमरवरी पाटी बाजूला काढून ठेवण्यापलीकडे आम्हाला काही करता आले नसते. नोंदणी खरी होती, संस्था खरी होती, मुले रोज येऊन अभ्यास करत होती, हे सगळे मान्य करूनही मी पैसे दिले नाहीत. मोठ्या दिरांनीही दिले नाहीत. धाकट्या भाऊजींनी मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या एक लाखाचा धनादेश नेऊन दिला, आणि जाताना मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले की पुण्यकर्माला उतारे लागत नाहीत.

त्या पावतीची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण नोंदणी म्हणजे करसवलत असे समजणारे लोक नागपुरात पदोपदी भेटतात. धर्मादाय कार्यालयातील नोंदणीने देणगीदाराला एक रुपयाचीही वजावट मिळत नाही. संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या सवलतीसाठी १२ए आणि देणगीदाराच्या वजावटीसाठी ८०जी अशा दोन स्वतंत्र मान्यता प्राप्तिकर विभागाकडून घ्याव्या लागतात. भाऊजींच्या पावतीवर ८०जी चा २००९ सालचा आदेश क्रमांक आणि पुढे ‘कायमस्वरूपी’ असा शब्द छापलेला होता. त्या काळी मिळालेल्या मान्यता खरोखरच कायम मानल्या जात. परंतु १ एप्रिल २०२१ पासून सर्व जुन्या संस्थांना नव्याने अर्ज करावा लागला, नवी मान्यता साधारणतः पाच वर्षांची झाली आणि अगदी नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती मान्यता मिळू लागली. ज्यांनी अर्ज केला नाही त्यांचा ‘कायमस्वरूपी’ हा शब्द केवळ पावतीपुस्तकात उरला. शिवाय संस्थेने वर्षभरातील देणग्यांचे विवरण १०बीडी या फॉर्ममध्ये पुढील ३१ मेपर्यंत भरावे लागते आणि त्यातून देणगीदाराच्या पॅनसह १०बीई हे प्रमाणपत्र निघते. भाऊजींना ते मे २०२४ मध्ये मिळाले नाही आणि आजतागायत मिळालेले नाही. त्यामुळे आपण संस्थेला पावतीचा नमुना मागू नये. गेल्या वर्षी एखाद्या देणगीदाराला दिलेले १०बीई प्रमाणपत्र, नाव झाकून का होईना, दाखवा असे सांगावे. जी संस्था ते दाखवू शकते तिची ८०जी मान्यता त्या वर्षी तरी चालू होती, असे समजण्यास हरकत नाही.

कंपनीबद्दल थोडक्यात सांगते. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ खालची ना-नफा कंपनी असेल, तर तिच्या सीआयएनमध्ये, म्हणजे एकवीस अक्षरांच्या कंपनी ओळख क्रमांकामध्ये, वर्षाच्या आकड्यांनंतर NPL ही तीन अक्षरे असतात. तेथे PTC दिसल्यास ती साधी प्रायव्हेट लिमिटेड आहे, मग नावात ‘फाउंडेशन’ असो की आणखी काही. mca.gov.in वर कंपनीची मुख्य माहिती पाहून स्थिती Active आहे का, शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा आहे आणि संचालक कोण आहेत, एवढे पाहावे. या कंपनीला नफा कमावता येतो, परंतु सभासदांत लाभांश वाटता येत नाही. ती धर्मादाय कार्यालयात नोंदलेली नसेल, तर कलम ३६ चे संरक्षण तिच्या जमिनीला नसते, आणि म्हणून जमिनीसाठी देणगी देताना मी न्यासाला अधिक पसंती देईन. परदेशी नागरिकत्व असलेल्या नातेवाइकाकडून पैसे जाणार असतील, तर न्यास असो वा कंपनी, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, वेगळी नोंदणी लागते. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक हा संस्थेने स्वतः भरलेल्या माहितीवर मिळतो. तो मोठ्या अक्षरांत छापून मिरवणाऱ्या संस्थेला मी लगेच शेड्यूल वन मागते.

आता दोन गोष्टी न्यायाच्या म्हणून. चेंज रिपोर्ट प्रलंबित असणे हा स्वतःच गुन्हा नाही. अशी प्रकरणे वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि रीतसर निवडून आलेल्या मंडळाला तो मंजूर होईपर्यंत कामकाज पाहता येते, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. तेव्हा केवळ तेवढ्यावरून मी त्या अध्यक्षांना लबाड म्हणणार नाही, आणि तेव्हाही म्हटले नव्हते, जरी भाऊजी सगळ्या नातेवाइकांत तसे सांगत असतात. दुसरे असे की नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्याला ८०जी ची वजावट मुळातच मिळत नाही, आणि १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांकही बदललेले आहेत. संस्था आणि सीए यांच्या तोंडी मात्र जुनेच आकडे आहेत, म्हणून मी तेच वापरले.

मामंजींचे दोन लाख अजून मुदत ठेवीत आहेत. अध्यक्षांनी प्लॉटचे दानपत्र नोंदवून दिले आणि त्याची नोंद शेड्यूल वनमध्ये चढली, तर मी स्वतः बेसाला जाऊन धनादेश देईन, हे मी भाऊजींना लेखी दिलेले आहे. आपण नकलेसाठी अर्ज कराल तेव्हा त्यात ‘मंजूर बदलांसह अद्ययावत’ असे शब्द जरूर घालावेत आणि प्रलंबित चेंज रिपोर्टांचे क्रमांकही त्याच अर्जात मागावेत. मी पहिल्या अर्जात ते लिहिले नव्हते, म्हणून अध्यक्षांची हकिकत कळण्यासाठी मला त्या कार्यालयात आणखी दोन चकरा माराव्या लागल्या.