पाळी ही आधीच सुटून गेलेल्या बीजाची बातमी असते

प्रश्न : माझं बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं. बाळंतपणानंतर अजून पाळी आलेली नाही. अशात दिवस राहू शकतात का?

राहतात. मला राहिले होते.

थोरली आठ महिने पूर्ण करून नवव्यात होती. मेथीची फोडणी टाकली की पोटात ढवळायचं, आणि पोरगी दोन घोट घेऊन तोंड काढून रडायची, कारण दूध कमी झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, "नोकरीची दगदग, दुसरं काय!" दिवस गेले असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण बाळंतिणीच्या खोलीत मला त्यांनी आणि मावशींनी ठासून सांगितलं होतं, "पाजतेस ना? मग पाळी येईपर्यंत काळजी नाही." डॉक्टरांनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली, तर सांगायला तारीखच नव्हती. सोनोग्राफीत अकरा आठवडे निघाले.

घरी येऊन मी कॅलेंडर काढून बसले. सोनोग्राफीचे आठवडे गर्भ राहण्याच्या दोन आठवडे आधीपासून मोजतात, म्हणजे गर्भ राहून नऊ आठवडे झाले होते. तेवढे मागे मोजले तर थोरली साडेसहा महिन्यांची होती. त्याच्या पंधरा दिवस आधी तिचं उष्टावण झालं होतं. मी कामावर रुजू झाले होते, दिवसा दोन बाटल्या वरचं दूध सुरू होतं, आणि ती रात्री दहा ते पाच सलग झोपायला लागली होती. त्या झोपेचं आम्हाला केवढं कौतुक!

बाळ वरचेवर ओढतं, तेव्हा मेंदूकडून बीजकोशाला जाणारे इशारे मंदावतात आणि बीज पिकत नाही. म्हणजे राखण करतं ते बाळाचं ओढणं, छातीत दूध असणं नव्हे. दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड पडायला लागला की ही राखण सैल होते. पाळीची वाट बघण्यात अर्थ नाही, कारण बीज आधी सुटतं आणि रक्त साधारण दोन आठवड्यांनी दिसतं. त्या पहिल्याच बीजाचा गर्भ राहिला तर पाळी येतच नाही. माझं नेमकं हेच झालं.

घरात सगळ्यांनी मलाच बोल लावला. "एवढं कसं कळलं नाही?" पहिलं सीझर होतं, टाके भरून यायला वेळ हवा असतो, त्यामुळे डॉक्टर नाराज, नवरा गप्प. ज्यांनी काळजी नाही म्हणून सांगितलं त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं नाही. सासूबाई आजही म्हणतात, "आम्ही तिघांना पाजलं, आम्हाला नाही झालं ते!" अहो, तुम्ही दिवसरात्र कुशीत घेऊन पाजत होतात, घरात बाटली नव्हती. तुमचा अनुभव खोटा नाही, पण तो सात तास झोपणाऱ्या पोरीच्या आईला लागू होत नाही. आणि नवऱ्यालाही कंडोम आणता आला असता.

तुमचं बाळ सात महिन्यांचं आहे, म्हणजे या भरवशाची सहा महिन्यांची मुदत संपली. उद्या सकाळच्या पहिल्या लघवीवर पट्टी टाका. अंगावर पाजल्याने तिचा निकाल बदलत नाही. नकारात्मक आली, तर शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा करा. तोवर कंडोम वापरा. पुढे तांबी बसवता येते. आशाताईंकडे मिळणारी छाया गोळी अंगावर पाजणाऱ्या बाईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. सुरू करण्याआधी दिवस नाहीत याची खात्री करून घ्या. माला-एन मात्र मनाने सुरू करू नका, तिने दूध कमी होऊ शकतं. डॉक्टरांना विचारा.

आणि हेही सांगायला हवं, नाहीतर मीही मावशींसारखीच अर्धवट सांगेन. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि दिवसरात्र जवळजवळ फक्त अंगावरच, या तिन्ही गोष्टी एकदम असतील तर शंभरात दोघींपेक्षाही कमी जणींना दिवस राहतात. हा उपाय खरा आहे. यातली एक गोष्ट जरी सुटली तरी दुसरं साधन त्याच दिवशी हवं.

माझ्या दोघी आता शाळेत जातात, पंधरा महिन्यांचं अंतर. गेल्या वर्षी नणंद बाळंतपणाला आली, तेव्हा सासूबाई तिलाही तेच सांगायला लागल्या. मी हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आले आणि त्यांच्यासमोर तिला सगळं सांगितलं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नणंदेने दीड महिन्याच्या तपासणीला तांबी बसवून घेतली.