चांगलंच कार्ड आलं आणि समोरची व्यक्ती रडायला लागली, तर सेशन कसं आवरायचं?

"लातूरला घरीच टॅरो रीडिंग करते, फार अनुभव नाही. काल एक ताई बढतीचं विचारायला आल्या होत्या. सिक्स ऑफ कप्स आलं, तसं गोडच कार्ड, आणि त्या एकदम हुंदके देऊन रडायला लागल्या. मी गडबडून आणखी दोन कार्डं काढली, काहीतरी चांगलं सांगितलं. वेळ संपली, त्या तशाच रडत गेल्या. अशा वेळी शांतपणे कसं संपवायचं?"

ताई, आधी ती वाढीव कार्डं काढणं बंद करा. रडणं सुरू झाल्यावर काढलेलं कार्ड बहुतेक वेळा आपल्याच जिवाला आधार म्हणून असतं. समोरच्या बाईच्या डोळ्यांपुढे अजून पहिलंच चित्र असतं, त्यात तुम्ही दुसरं ठेवता. आणि ते नेमकं टॉवर किंवा नाइन ऑफ स्वोर्ड्स निघालं तर काय करणार?

चांगल्या कार्डावर माणूस का रडतो, हे नीट कळलं की निम्मी घाबरगुंडी जाते. आपण बहुतेक जण वापरतो त्या रायडर-वेट डेकची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली, 1909 साली. मार्सेय पद्धतीच्या जुन्या डेकमध्ये छोट्या कार्डांवर नुसते पेले नि नाणी मांडलेली असतात. या डेकमध्ये बहुतेक छोट्या कार्डांवर माणसं आहेत, कुठे घर आहे, कुठे अंगण आहे. त्यामुळे तुम्ही अर्थ सांगायच्या आधीच समोरच्याला त्यात आपलं माणूस दिसलेलं असतं. डेथ कार्डाला लोक घाबरतात, पण त्याची तयारी मनात असते. सिक्स ऑफ कप्समधली ती दोन मुलं बेसावध गाठतात.

माझ्याकडची एक गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. तेव्हा मी एका मोठ्या केंद्रात बसायचे, गावाचं आणि केंद्राचं नाव सांगत नाही. एक बाई फ्लॅट बुक करावा का, एवढंच विचारायला आल्या. तीन कार्डं मांडली, मधलं टेन ऑफ पेंटॅकल्स. पुस्तकात अर्थ काय? घरदार, पैसा, वारसा. फ्लॅटच्या प्रश्नाला याहून बरं कार्ड कुठलं! पण बाईंची नजर कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यावर गेली आणि पदर तोंडाला लागला. त्या चित्रात कमानीखाली जोडपं आपल्या बोलण्यात आहे, म्हातारा बाजूला बसलाय, त्याच्याजवळ दोन कुत्री आहेत आणि एक पोर कुत्र्याला हात लावतंय. मी हात मांडीवर घेतले, पाण्याचा ग्लास त्यांच्या बाजूला सरकवला आणि गप्प बसले. हुंदके कमी झाल्यावर विचारलं, "काकू, चित्रात काय दिसलं?" म्हणाल्या, "आमचे दादा असेच बसायचे वाड्याच्या दारात. आम्ही सगळे संभाजीनगरला. शेवटी तर कुत्रंच होतं त्यांच्याजवळ."

यावर कार्डाचा अर्थ सांगायचाच नसतो. मी विचारलं, "पुढे बघायचं का इथंच थांबायचं?" हे दोन पर्याय नक्की द्या आणि थांबणं हा खरा पर्याय आहे असं वाटेल अशा आवाजात द्या. त्या म्हणाल्या, थांबू.

इथून पुढे आवरण्याची जी रीत आहे, तीच मी आजही पाळते. कार्डं एकदम गोळा करायची नाहीत. झटक्यात उचललं की आपण काहीतरी वाईट लपवतोय असं वाटतं. कडेची कार्डं आधी, एकेक करून पालथी घालायची. ज्यावर रडू आलं ते शेवटी, आणि "हे तुम्ही ठेवता का मी ठेवू?" असं विचारून. काही जणी स्वतः उचलतात, थोडा वेळ हातात धरतात. धरू द्या. मग डेक कापडात गुंडाळून टेबलावरून बाजूला ठेवायचा आणि त्यानंतर कार्डांवर एक शब्दही बोलायचा नाही. तोंड धुवायला जागा दाखवा. मग साधं बोला: कशा आलात, रिक्षाने की गाडीवर, घरी कोण आहे, जेवण झालंय का. या प्रश्नांना सरळ उत्तरं यायला लागली की माणूस भानावर आलंय असं समजा. गाडी चालवत जाणार असतील तर अजून थोडं बसवा.

माझं हे सगळं दहा मिनिटांत झालं असतं. पण त्या केंद्रात अर्ध्या तासाचा स्लॉट होता आणि पंचविसाव्या मिनिटाला दारावर टकटक व्हायची. नियमच होता: कोणी रडलं तर दोन कार्डं वाढवा, उपाय सुचवा, काउंटरवर पाठवा. मी उपाय सांगितला नाही, तरी ओल्या डोळ्यांनी बाहेर पडलेल्या काकूंना काउंटरवाल्यांनी गाठलं. पितृदोष आहे म्हणाले, खडा दाखवला आणि फीसोबत त्याचीही पावती फाडली. बापाच्या आठवणीने रडणाऱ्या बाईला दोष विकला! त्यांच्या नात्यागोत्यात झालं काय, तर "ती रीडरबाई रडवते आणि खडे विकते." माझं नाव गेलं, त्यांच्या ओळखीतून येणाऱ्या सगळ्या बायका तुटल्या. केंद्र सोडलं तेव्हा शेवटचे पैसेही अडकवले. याचा राग अजून आहे आणि तो राहणार.

म्हणून दोन गोष्टी मी हट्टाने करते. फी बसायच्या आधीच घेते, म्हणजे रडलेल्या माणसासमोर पैशाचा विषय निघत नाही. आणि दोन सेशनमध्ये मोकळी पंधरा-वीस मिनिटं ठेवते. घरी करत असाल तर बाहेरच्या खोलीत पुढचा माणूस बसलेला नको. रडत असताना पुढची तारीखही देऊ नका, कितीही मागितली तरी. "दोन-चार दिवसांनी वाटलं तर फोन करा" एवढं पुरे.

आता मर्यादा. मी समुपदेशक नाही, तुम्हीही नसाल. साधं रडणं लाटेसारखं येतं आणि ओसरतं, मध्ये श्वास खोल जातो, माणूस नाक पुसतो, "सॉरी हं" म्हणतो. ते ओसरत नसेल, श्वास धापेवर जात असेल, हातांना मुंग्या येत असतील, तर पाय जमिनीवर टेकवून बसवा, श्वास हळूहळू बाहेर सोडायला सांगा, खिडकी उघडा. छातीत दुखतंय म्हटलं तर डॉक्टरच. आणि "जगून काय करू" असं काही कानावर आलं तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडायचं नाही. त्यांना विचारून घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा आणि 14416 लावून द्या. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आपल्या मराठवाड्यात किती घरांत असं मरण होऊन गेलंय हे तुम्हाला सांगायला नको. अशा घरातल्या बाईला "कार्ड चांगलंय, सगळं नीट होईल" हे वाक्य जिव्हारी लागतं.

मिठी मारणं, हात धरणं याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. मी विचारल्याशिवाय हात लावत नाही. तुमच्याकडे बायकाच येत असतील तर तुम्ही तुमचं बघा.

आता त्या ताईंचं. आज-उद्या एकच ओळ पाठवा: "काल तुम्ही घरी नीट पोहोचलात ना?" त्यात कार्डाचं नाव नको, अर्थ नको, दिलगिरीचा निबंध नको. उत्तर आलं नाही तर परत पाठवू नका. त्यांच्या पाठीमागे त्यांच्या नावाने कार्ड काढूनही बघू नका. आणि इथे लिहिताना गावाचं नाव आणि बढतीचं, दोन्ही एकत्र आलंय, त्यातलं एक काढून टाका. लातूर एवढंही मोठं नाही.