सौम्य काय, गुन्हा की शिक्षा?

*प्रश्न: युद्धगुन्ह्यांवरच्या एका लेखात ‘सौम्यकारी परिस्थिती’ असा शब्द वाचला. सत्तर माणसं मारल्याचं कबूल करणाऱ्याला ५ वर्षांची शिक्षा झाली म्हणे. म्हणजे न्यायाधीशांनी गुन्हाच सौम्य ठरवला का? आणि याच्या उलट शब्द कोणता?*

नाही, गुन्हा सौम्य ठरवला नाही. घोटाळा शब्दातच आहे. ‘सौम्यकारी’ म्हटलं की काय सौम्य केलं हे सांगायचं राहून जातं, आणि वाचणारा ते आपल्या मनाने गुन्ह्याला चिकटवतो. कायद्याला म्हणायचं असतं ‘शिक्षा सौम्य करणारी बाब’. दोन शब्द जास्त लागतात, पण वाक्यातलं कर्म जागेवर राहतं.

तुम्ही वाचलेला खटला बहुधा द्राझेन एर्देमोविचचा असावा. हा शब्द नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्या एका खटल्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

एर्देमोविच बोस्नियातला क्रोएट, पण नोकरी बोस्नियन सर्बांच्या सैन्यात. वय २३. १६ जुलै १९९५ रोजी, बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा शहर सर्ब सैन्याच्या हाती पडल्यानंतरच्या आठवड्यात, त्याच्या तुकडीला पिलित्साजवळच्या ब्रान्येवो शेतावर नेलं गेलं. बसगाड्या भरभरून मुस्लिम पुरुष येत होते. त्यांना दहा-दहाच्या गटाने उभं करून पाठीमागून गोळ्या घालायच्या होत्या. त्याने नकार दिला. त्यावर उत्तर मिळालं ते थोडक्यात असं: कीव येत असेल तर बंदूक दे आणि त्यांच्याच रांगेत उभा राहा. त्याची बायको आणि तान्हं मूल त्याच प्रदेशात होतं. त्याने गोळ्या झाडल्या, दिवसाचा बराच भाग झाडत राहिला. तिथे सुमारे १,२०० माणसं मेली आणि त्यातली सत्तरएक आपल्या हातून, हा त्याचा स्वतःचाच अंदाज. त्याच दिवशी पुढे पिलित्साच्या सभागृहात कोंडलेल्या सुमारे ५०० जणांना मारायला सांगितलं, तेव्हा मात्र त्याने आणि काही सोबत्यांनी नकार दिला आणि तो नकार टिकला.

आता शब्दाकडे येऊ. ‘जिवाची धमकी होती’ हे म्हणणं कायद्यात दोन वेगळ्या जागी बसू शकतं. एक जागा बचावाची. बचाव मान्य झाला तर माणूस दोषीच ठरत नाही, शिक्षेचा विषयच संपतो. दुसरी जागा शिक्षा सौम्य करणाऱ्या बाबींची. तिथे दोष पूर्ण शाबूत असतो, फक्त वर्षं ठरवताना ती गोष्ट विचारात घेतात. मराठीत ‘त्याची बाजू समजून घेतली’ या एकाच वाक्यात आपण दोन्ही कोंबतो, म्हणून गोंधळ होतो.

युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगच्या न्यायाधिकरणात याच प्रश्नावर अपील पीठ दुभंगलं. ७ ऑक्टोबर १९९७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं, की निरपराधांना मारणाऱ्या सैनिकाला जिवाच्या धमकीचा पूर्ण बचाव मिळणार नाही. शिक्षा ठरवताना मात्र ती धरता येईल. विरोधात गेलेल्या दोघांपैकी एक न्यायाधीश अंतोनिओ कासेसे. नकार दिला असता तरी ती माणसं मरणारच होती आणि वर हाही मेला असता, तर कायद्याने त्याच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा धरायची, असा त्यांचा मुद्दा होता. मला तो अजून छळतो. पण बहुमत ते बहुमत.

पहिल्या फेरीत, १९९६ साली, एर्देमोविचने मानवतेविरुद्धचा गुन्हा कबूल केला होता आणि त्याला १० वर्षं झाली होती. अपील पीठाने म्हटलं, की कबुली देताना त्याला कशाची कबुली देतोय हे पुरतं समजावलेलंच नव्हतं. मग त्याने युद्धगुन्हा म्हणून खुनाची कबुली दिली. दोन्ही पक्षांनी मिळून ७ वर्षं सुचवली होती. ५ मार्च १९९८ रोजी नव्या पीठाने ५ दिली.

त्या निकालात दोन्ही पारडी उघड मांडलेली आहेत. शिक्षा वाढवणाऱ्या बाजूला हत्याकांडाचा आकार आणि त्यातला त्याचा वाटा. सुरुवातीला कितीही नाखुशी असली तरी तो तासन् तास मारत राहिला, हे पीठाने सोडून दिलं नाही. दुसऱ्या बाजूला कोवळं वय, धमकी, कबुली, पश्चात्ताप आणि तपासातली मदत. ही शेवटची बाब फार जड होती. पुरावा सापडल्यावर दिलेली ती कबुली नव्हती. ब्रान्येवोत काय घडलं हे तपास करणाऱ्यांना कळलं ते प्रामुख्याने त्याच्या तोंडून. पुढे वरच्या अधिकाऱ्यांच्या खटल्यात तो साक्षीला उभा राहिला.

म्हणूनच ‘परिस्थिती’ हा शब्दही मला खटकतो. धमकी ही परिस्थिती खरी, पण पश्चात्ताप आणि साक्ष देणं ही परिस्थिती नव्हे. ते गुन्ह्यानंतरचं वागणं आहे. ‘बाब’ किंवा ‘घटक’ म्हटलं की दोन्ही मावतं.

उलट शब्दाचं म्हणाल, तर ‘गुन्ह्याची तीव्रता वाढवणारी बाब’ असं वाचनात येतं. तेही निसटतं, कारण गुन्ह्याचं गांभीर्य हे मुळातच पहिलं माप असतं. जी गोष्ट त्या मापात धरली, ती पुन्हा वेगळी ‘वाढवणारी’ म्हणून मोजता येत नाही. वरून येते ती आणखी काहीतरी: पदाचा गैरवापर, जाणूनबुजून केलेली क्रूरता. आणि ती वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावी लागते, तर सौम्य करणारी बाब ‘असण्याची शक्यता जास्त’ एवढ्यावर चालते. तराजू असा मुद्दाम आरोपीकडे झुकता ठेवलेला आहे. तेव्हा साधं ‘शिक्षा वाढवणारी बाब’ म्हणावं. संस्कृतातून गुरु-लघु ही जोडी उचलून ‘लाघवकारी’ करायचा मोह मात्र टाळा. मराठीत लाघवी माणूस म्हणजे गोड बोलून मन जिंकणारा!

सत्तर मृत्यू आणि ५ वर्षं हा हिशेब डोळ्यांत खुपतो, कारण आपण नकळत भागाकार करतो. न्यायाधिकरण माणशी वर्षं मोजत नाही. त्या प्रचंड गुन्ह्यात या एका माणसाचा वाटा किती, हे मोजतं. त्याच स्रेब्रेनित्साच्या संदर्भात बोस्नियन सर्ब सैन्याच्या द्रिना कोअरचा सेनापती रादिस्लाव क्रस्तिच याला २००१ साली ४६ वर्षं झाली; अपिलात तो वंशसंहारात मदत करणारा ठरला, तेव्हा ती ३५ झाली. सरसेनापती रात्को म्लादिचला जन्मठेप. त्यांनी ब्रान्येवोत बंदूक हातात घेतली नव्हती. फाशी तर या न्यायाधिकरणाच्या कायद्यातच नव्हती, त्यामुळे वरचं टोक जन्मठेपेवर थांबायचं आणि खालच्या सगळ्या शिक्षा त्या मापाने दाटीवाटीने बसायच्या.

एक शब्द आणखी वेगळा ठेवा: ‘सूट’. ती शिक्षा ठरल्यानंतरची, तुरुंगातली गोष्ट. साधारण दोन तृतीयांश शिक्षा भोगल्यावर सुटका, ही तिथली रूढ रीत होती. बोस्नियन सर्बांची नेता बिल्याना प्लाव्शिच हिला २००३ साली कबुलीनंतर ११ वर्षं झाली, आणि २००९ साली ती सुटली. ११ हा आकडा कबुली आणि इतर बाबींनी सौम्य झालेली शिक्षा. २००९ ही सूट. बातमीत ‘शिक्षेत सूट’ दिसली, तर आधी बघा की यातलं नेमकं काय म्हणायचंय.