पाचशे शब्दांची कथा: आधी वळण, मग कात्री

प्रश्न: मी खानापूरचा. एका स्पर्धेसाठी ५०० शब्दांच्या आत कथा द्यायची आहे. माझी ९००ची झाली आहे. कापायला गेलो की शेवटचा धक्काच जातो, नाही कापली तर बसत नाही. शिवाय वाचणारे म्हणतात, शेवट आधीच कळला. नेमकं कुठं कापायचं?

उत्तर:

तुम्ही बहुतेक सगळीकडून थोडं थोडं कापताय. दोन विशेषणं इथली, एक वाक्य तिथलं. अशानं फार तर दहावा हिस्सा कमी होतो, आणि जे उरतं ते ९०० शब्दांच्या कथेचं रोडावलेलं रूप असतं. निम्मी कथा काढायची असेल तर वाक्यं नाही, काळ कापावा लागतो. तो कुठून कापायचा हे वळण कुठं आहे यावर ठरतं, म्हणून आधी वळणाकडं बघू.

तुमची कथा मी वाचलेली नाही, म्हणून आपल्याच जिल्ह्यातली एक घेतो. निपाणी. आई आणि मुलगी घरी बिड्या वळतात, पंचवीस बिड्यांची जुडी बांधतात, माल आईच्या कार्डावर जातो. अलीकडं छाट, म्हणजे तपासणीत नाकारलेला माल, फार निघते, आणि आई म्हणते मुलीचा हात कच्चा आहे. मुलीला बेळगावला कॉलेजात जायचंय. शेवटी कळतं की खराब जुड्या आईच्याच होत्या, तिची नजर गेली आहे.

ही ९०० शब्दांत कशी लिहिली जाते ते डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला निपाणीची तंबाखू, मग वडील वारले तो प्रसंग, मग पानं भिजवणं, कैचीनं कापणं, तंबाखू भरणं याचं वर्णन, मग महिनाभराची भांडणं. आणि शेवटची ओळ: ‘आईला दिसतच नव्हतं!’ उद्गारचिन्हासकट.

ही शेवटची ओळ वळण नाही, ती बातमी आहे. लेखकाला माहीत असलेली गोष्ट त्यानं वाचकापासून लपवली आणि शेवटी काढून दाखवली. अशी कथा कोड्यासारखी असते, एकदा सुटली की संपली. चलाख वाचक ती तिसऱ्या परिच्छेदातच सोडवतो आणि मग तुम्हाला येऊन सांगतो की शेवट आधीच कळला. बातमी कळल्यावर पात्र असं काहीतरी करतं जे पहिल्या ओळीतल्या त्या माणसानं केलं नसतं, तेव्हा वळण होतं. इथं बातमी कळल्यावर मुलगी काय करते? ९०० शब्दांत याचं उत्तरच नाही, कारण बातमी मिळाली तिथंच कथा संपली.

म्हणून कात्री हातात घेण्याआधी एक वाक्य लिहा, कथेत न येणारं, फक्त तुमच्यासाठी. अमुक अमुक करायला निघाली होती, तमुक कळलं, म्हणून तिनं उलटंच केलं. माझ्या कथेसाठी ते असं: मुलगी स्वतःचं काम चोख आहे हे सिद्ध करायला निघाली होती, दोष आईचा निघाला, म्हणून तिनं तो स्वतःवर घेतला. तिसरा भाग लिहिता येत नसेल तर शब्द कमी करून उपयोग नाही. कथा अजून झालेलीच नाही.

हे वाक्य हाती आलं की काय कापायचं ते आपोआप दिसतं. सिद्ध करायला एखादं साधन हवं, उलटं करायला तेच साधन पुरलं पाहिजे, आणि हे सगळं जिथं घडू शकतं ती एकच जागा म्हणजे माल तपासायची रांग. महिना गेला, वडील गेले, तंबाखूचा इतिहास गेला. उरली ती ही:

‘चेकर यायच्या आधी आईनं दोघींच्या जुड्या एकाच टोपलीत भरल्या.

“वेगळ्या ठेव म्हटलं होतं की.”

“एकाच कार्डावर जातात. वेगळ्या कशाला?”

मी गप्प बसले. माझ्या प्रत्येक जुडीच्या दोऱ्याला दोन गाठी होत्या. तिच्या जुड्यांना एक.

“रोज छाट, रोज छाट,” आई रांगेतल्या बाईला सांगत होती. “हात कच्चा आहे हिचा. कॉलेजात जा म्हणते मी, खरं फीचे पैसे छाटीतच चालले.” फॉर्म भरायची मुदत शनिवारपर्यंत होती.

चेकरनं टोपली पालथी केली. एकेक जुडी दाबून बघायचा, सैल लागली की बाजूला टाकायचा. ढीग वाढला. मी वाकून बघितलं. एक गाठ. एक गाठ. एक गाठ.

मला हसू आलं.

“काय गे?” आईनं विचारलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या जरा डावीकडं, आवाज आला तिकडं बघत होती.

“हे कुणाच्या हातचं?” चेकर म्हणाला. “असंच चाललं तर कार्ड बंद होईल.”

आईनं तोंड उघडलं.

“माझ्या,” मी म्हणाले.

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

घरी येताना आईनं माझा दंड धरला होता. “सांगत होते ना,” ती म्हणाली.

“होय.”

रात्री ती झोपल्यावर मी सूप पुढं ओढलं आणि प्रत्येक जुडीला एकच गाठ मारत गेले.’

दोनशे शब्दांच्या आतच आहे. म्हणजे तुमच्या मर्यादेत अजून तीनशे शब्द शिल्लक आहेत. ते भरलेच पाहिजेत असं नाही.

आता जागा बघा. ‘एक गाठ. एक गाठ.’ ही बातमी, ती मधोमधच येऊन गेली. ‘माझ्या’ हे वळण, त्याच्या पुढं पाच-सहा ओळी उरतात. त्या ओळी चैनीसाठी ठेवलेल्या नाहीत. वळणानंतर जग बदललेलं दिसायला तेवढी जागा लागते, नाहीतर वाचकाला कृती दिसते पण तिची किंमत दिसत नाही. इथं किंमत शेवटच्या ओळीत आहे: दोन गाठी हा पुरावा होता, एक गाठ हे झाकण झालं. आता मुलीच्या चांगल्या जुड्या आईच्या नावावर जाणार, आणि फॉर्मचं काय झालं ते मी लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही, शनिवार वाचकाच्या लक्षात असतो.

पूर्वकथा कशी आत आली तेही बघा. महिनाभराचं भांडण, कॉलेज, फी, सगळं आईच्या एका तक्रारीत आहे, आणि ती तक्रार ती त्याच क्षणी कुणाला तरी करते आहे. निवेदकानं सांगितलेली पार्श्वभूमी शब्द खाते आणि कथा थांबवते. पात्रानं कुरकुरत सांगितलेली पार्श्वभूमी कथा पुढं नेते. नजरेबद्दलही एकच खूण पेरली आहे, ‘जरा डावीकडं’. ती बातमीच्या नंतर आणि वळणाच्या आधी आहे. बातमीच्या आधी ठेवली असती तर तुमचे वाचक पुन्हा म्हणाले असते, कळलं. वळणाच्या नंतर ठेवली असती तर मुलगी ‘माझ्या’ का म्हणाली ते कळलं नसतं. तुमच्या कथेतल्या खुणांची जागाही अशीच तपासा. वाचक ‘आधीच कळलं’ म्हणाला तर खूण फार लवकर आली किंवा दोनदा आली. ‘पण तिनं असं का केलं?’ असं विचारलं तर ती कमी पडली.

एक मोह मात्र टाळा. शेवटी आईनं जुडी चाचपून म्हणावं, ‘दोन गाठी मारत होतीस, ठाऊक होतं मला.’ सुचायला छान आहे. पण ५०० शब्दांत दोन वळणं एकमेकांना मारतात, आणि मुलीच्या निर्णयाचं वजन आईच्या हुशारीकडं जातं. ‘आईनं तोंड उघडलं’ एवढ्यात काय ती शंका राहू द्या.

वळण खरं आहे की नुसता धक्का, हे बघायची एक परीक्षा मी नेहमी घेतो. लपवलेली गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगून टाकायची. ‘आईला आता नीट दिसत नव्हतं, आणि तिला ते कबूल नव्हतं.’ मग पुढची कथा वाचायची. अजून वाचवत असेल, मुलगी आता काय करणार असं वाटत असेल, तर वळण पक्कं आहे. सगळी हवा गेली तर तुमच्याकडं फक्त कोडं होतं.

आपल्या भागातल्या लेखकांसाठी वेगळं एक. आपण कुठलीही गोष्ट सांगायला लागलो की १ नोव्हेंबर १९५६पासून सुरू करतो, मग महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल, मग २००४चा सर्वोच्च न्यायालयातला दावा. स्पर्धा सीमाभागातली आहे, वाचकाला हे तोंडपाठ आहे, आणि तुमचे शंभर शब्द गेले. सीमाप्रश्न कथेत हवाच असेल तर तो गाठीसारखा आणा: हातात धरता येणारी एक वस्तू, जिचा अर्थ शेवटी पालटतो. कन्नडमधला जमिनीचा उतारा चालेल, दुकानाची पाटी चालेल, पण भाषण चालणार नाही.

शब्दमोजणीचंही थोडं. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘घरासमोरून’ हा मोजणीत एकच शब्द, त्यामुळं ५०० शब्दांत आपल्याला बरंच मावतं. पण म्हणून शब्द उगाच जोडून लिहू नका, परीक्षकाला ते पहिल्या ओळीतच दिसतं.

काही कथा मात्र खरंच बसत नाहीत. दोन भावांचं वैर वीस वर्षांत हळूहळू विरलं, अशा गोष्टीत बदल कुठल्याही एका क्षणी होत नाही. तिला रांगही मिळत नाही आणि टोपलीही. ती मोठीच राहू द्या आणि स्पर्धेला दुसरी द्या. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या संमेलनांत कथाकथन होतं, तिथं लांब कथेलाही ऐकणारे भेटतात.

राहिलं शीर्षक. बऱ्याच स्पर्धांत ते शब्दमर्यादेत धरत नाहीत (नियम एकदा बघून घ्या), म्हणजे ती फुकटची जागा आहे. वरच्या कथेला मी ‘दोन गाठी’ म्हणेन. गाठ वाचकाच्या डोक्यात आधीच बसते आणि आत तिची ओळख एका वाक्यात आटपते. ‘आंधळी माया’ असं काही दिलंत तर मात्र चेकर यायच्या आधीच कथा संपली.