ओपन पॉलिसीची रक्कम वाढवताना

समजा, मालवाहतुकीच्या वर्षभराच्या ओपन पॉलिसीची विमा रक्कम 10 कोटी आहे आणि आठ महिन्यांत 9 कोटींच्या मालाची डिक्लरेशन, म्हणजे पाठवलेल्या मालाची माहिती, विमा कंपनीकडे गेली. महिन्याला सरासरी सुमारे 1.12 कोटी धरले, तर उरलेला 1 कोटी महिनाभरही पुरणार नाही. विमा कंपनीला आत्ताच पत्र द्या: पॉलिसी क्रमांक, महिनावार डिक्लरेशन, उलाढालीचा नवा अंदाज, 5 कोटींची वाढ.

नुसत्या पत्रावर थांबू नका. विमा कायद्याच्या कलम 64VB नुसार हप्ता आधी जमा व्हावा लागतो. एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतला हा बदल, त्यानंतरच्या तारखेपासून लागू होते. आधीच निघालेला ट्रक त्यात धरला जाईल असं गृहीत धरू नका.

आणखी एक गोष्ट हमखास राहते. वार्षिक रक्कम वाढली तरी एका खेपेची मर्यादा तेवढीच राहते. ती 25 लाख असेल आणि ट्रकमध्ये 40 लाखांचा माल असेल, तर तीही त्याच पत्रात वाढवून मागा.