नफ्याच्या आकड्यावरून खंदक ओळखता येत नाही: औद्योगिक वायूंच्या धंद्याचे उदाहरण

प्रश्न: "एका कंपनीचा भांडवलावरील परतावा सलग सहा वर्षे ३० टक्क्यांच्या आसपास आहे. सल्लागार म्हणतात की तिच्याभोवती मोठा इकॉनॉमिक मोट म्हणजे स्पर्धकांना दूर ठेवणारा खंदक आहे. स्पर्धक तिला का गाठू शकत नाहीत, असे विचारले की पुन्हा तोच परताव्याचा तक्ता दाखवतात. हे पुरेसे आहे का?"

पुरेसे नाही. तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य वाचून मला माझ्याच पत्रव्यवहाराची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी एका सल्ला देणाऱ्या कार्यालयाने मला एका रसायन कंपनीबद्दल नेमके हेच सांगितले होते. तिचे ग्राहक दुसरीकडे का जात नाहीत, हा एकच प्रश्न मी लेखी विचारला होता आणि उत्तरादाखल प्रत्येक वेळी परताव्याचा आलेखच आला. प्रत्यक्षात ग्राहक दर तिमाहीला नव्याने दर मागवून माल घेत होते. एका मोठ्या स्पर्धकाचा कारखाना बंद पडल्यामुळे बाजारात टंचाई होती आणि नफा त्या टंचाईचा होता. नवी उत्पादनक्षमता उभी राहिली तसा तो नफा वितळला. माझ्या आजवरच्या गुंतवणुकीतले सर्वांत मोठे नुकसान ते हेच. शुल्क घेऊन सल्ला देणाऱ्याने एवढ्या साध्या प्रश्नाला बगल द्यावी, याचा संताप मला आजही आहे.

परतावा कसा मोजतात हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून चालतो. परतावा हा परिणाम आहे, खंदक हे त्याचे कारण, आणि कारण दाखवता आले पाहिजे. ते कसे दिसते यासाठी मी औद्योगिक वायूंचा धंदा घेतो, कारण तिथे गुपित असे काहीच नाही. कच्चा माल हवा आहे. ती थंड करून द्रवरूप करायची आणि ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉन वेगळे करायचे, हे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीस कार्ल फॉन लिंडे यांनी औद्योगिक पातळीवर आणले. यंत्रसामग्री विकत मिळते आणि एकाचा ऑक्सिजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनपेक्षा वेगळा नसतो. असे असूनही लिंडे, एअर लिक्विड आणि एअर प्रॉडक्ट्स ही तीन नावे अनेक दशके या धंद्यात आघाडीवर आहेत.

कारण वाहतुकीत आहे. ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला द्रव होतो. तो उष्णतारोधक टँकरमधून न्यावा लागतो आणि मालाच्या किमतीच्या मानाने वाहतूक महाग पडते. त्यामुळे प्रकल्पापासून साधारण दोनशे-तीनशे किलोमीटरच्या पलीकडे तो नेणे सहसा परवडत नाही. म्हणजे जागतिक बाजार असा काही नसून अनेक छोटे प्रादेशिक बाजार आहेत आणि खंदक प्रत्येक ठिकाणी वेगळा खणावा लागतो.

एक प्रदेश डोळ्यांसमोर आणा (आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत). द्रवरूप वायूची रोजची मागणी ३०० टन आहे आणि प्रत्येकी २०० टनांचे दोन प्रकल्प आहेत. दोघेही तीन-चतुर्थांश क्षमतेने चालतात आणि बरा नफा कमावतात. तो नफा पाहून तिसऱ्याने तेवढाच प्रकल्प उभारला, तर क्षमता ६०० टन होते आणि मागणी ३०० टनच राहते. अर्धी यंत्रे रिकामी पडतात. चालवण्याचा मुख्य खर्च विजेचा असल्यामुळे वीज आणि वाहतूक सुटेल एवढ्या दरानेही जो तो माल विकू लागतो, पण भांडवलाचा खर्च कोणाचाच निघत नाही. त्यात तिसऱ्याचा टँकर एका ग्राहकासाठी शंभर किलोमीटर जातो, तर जुन्याचा टँकर त्याच फेरीत चार ग्राहकांच्या टाक्या भरतो. नव्या माणसाला हे गणित पायाभरणीआधीच दिसते, म्हणून तो येत नाही. स्पर्धक कमी हुशार असतात असे नव्हे; आल्याने सगळ्यांचाच तोटा होईल, हे त्यांना कळत असते.

याला जोड मिळते ती पोलाद कारखान्यासारख्या मोठ्या ग्राहकाची. वायू कंपनी त्याच्या आवारातच किंवा शेजारी प्रकल्प बांधते आणि नळाने वायू देते. असे करार बहुधा १५ ते २० वर्षांचे असतात. ठरलेला वायू उचलला नाही तरी किमान रक्कम द्यावी लागते आणि विजेच्या दरातली वाढ ग्राहकाकडे जाते. मुख्य भांडवल या करारातून वसूल होते. त्याच प्रकल्पातला जादा द्रव आसपासच्या रुग्णालयांना आणि छोट्या कारखान्यांना टँकरने जातो. तिथे नव्याची आणि जुन्याची बरोबरी होत नाही, कारण नव्याकडे असा आधार देणारा ग्राहक नसतो. शिवाय छोट्या ग्राहकाच्या दारातली टाकी बहुधा वायू कंपनीच्याच मालकीची असते. त्याच्या एकूण खर्चात वायूचा वाटा लहान, पण तो थांबला तर काम बंद. थोड्या बचतीसाठी टाकी बदलण्याची जोखीम कोण घेईल?

इथे एक मर्यादा नीट लक्षात घ्या. नवा पोलाद कारखाना निविदा काढतो, त्या दिवशी कोणाचाच खंदक नसतो. बोली चुरशीची होते आणि त्या करारातून मिळणारा परतावा बेताचाच असतो. खंदक करारावर सही झाल्यानंतर, त्या परिघात तयार होतो. म्हणून खंदक कंपनीच्या नावाला चिकटलेला असतो ही समजूत मला घातक वाटते. एअर प्रॉडक्ट्सचेच पाहा. ग्राहकाशी दीर्घ करार आधी, बांधकाम नंतर ही शिस्त सोडून कंपनीने स्वच्छ हायड्रोजनच्या काही मोठ्या प्रकल्पांत, सगळ्या उत्पादनाला खरेदीदार बांधलेला नसतानाही, पैसा घातला. २०२५च्या जानेवारीत नाराज भागधारकांनी संचालक मंडळात बदल घडवला, नवे मुख्याधिकारी आले आणि फेब्रुवारीत कंपनीने अमेरिकेतल्या तीन प्रकल्पांतून माघार जाहीर केली. त्यापोटी ३.१ अब्ज डॉलरपर्यंतचा करपूर्व बोजा येईल असे तिनेच सांगितले. नाव तेच होते, पण त्या प्रकल्पांभोवती खंदक नव्हता.

आकडा उलट्या बाजूनेही फसवतो. २०१८मध्ये प्रॅक्सएअर ही दुसरी वायू कंपनी आणि लिंडे एकत्र आल्या तेव्हा हिशेबाच्या नियमांप्रमाणे लिंडेची मालमत्ता नव्या, वाढीव मूल्याने पुस्तकात आली. त्यामुळे भांडवल फुगले आणि सरळ भागाकार केला तर परतावा घटलेला दिसे. एकही नळ हलला नव्हता.

तुमच्या कंपनीचे नाव मला माहीत नाही आणि मी नोंदणीकृत सल्लागारही नाही, त्यामुळे खरेदी-विक्रीबद्दल काही सांगत नाही. पण वार्षिक अहवालातून तीन गोष्टी मात्र शोधा. ग्राहकांशी करार किती मुदतीचे आहेत? कच्चा माल महागला त्या वर्षी कंपनीने दर वाढवले का, आणि वाढवल्यावर विक्रीचे प्रमाण टिकले का? आणि या सहा वर्षांत उद्योगाची एकूण क्षमता वाढली की कोणीतरी बंद पडले? माझ्या मते तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. त्याचे उत्तर कंपनीच्या अहवालापेक्षा तिच्या स्पर्धकांच्या अहवालांत लवकर सापडते, विशेषतः ज्या भागात ते नव्या प्रकल्पांची आणि ते सुरू होण्याच्या तारखांची माहिती देतात. स्पर्धक बांधकाम करत असतील, तर त्यांना तिथे खंदक दिसलेला नाही. तो सल्लागारांना कुठे दिसला, हे त्यांना लेखी विचारा आणि उत्तरात पुन्हा तक्ताच आला तर पुढच्या वर्षाचे शुल्क भरू नका.